बोट दाखवणाऱ्या मुलीला बोलते करताना: ‘मूव्हर्स’च्या तोंडी परीक्षेची खेळांतून तयारी

प्रश्न: माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. तीन महिन्यांनी तिची केंब्रिजची ‘मूव्हर्स’ ही मुलांसाठीची इंग्रजीची परीक्षा आहे. सराव प्रश्नपत्रिका काढली की ती एकदम मिटून जाते. चित्र दाखवून प्रश्न विचारला तर बोटाने बरोबर दाखवते, पण बोलत नाही. खेळांतून, ताण न देता अशी तयारी खरोखर होते का? होत असेल तर नेमके काय खेळावे?

उत्तर: होते, पण प्रत्येक खेळाने होत नाही. मी अनेक वर्षे या वयाच्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करते आहे आणि खेळ निवडताना एकच कसोटी लावते: हा खेळ तोंड न उघडता जिंकता येतो का? जिंकता येत असेल, तर तो कितीही मजेदार असला तरी आपल्या मुलीची अडचण त्याने सुटणार नाही. शब्द आणि चित्रांच्या जोड्या लावण्याचे पत्ते, मोबाइलवरचे शब्दखेळ, ऐकून योग्य चित्रावर टिचकी मारणे, या सगळ्यांत मूल बोटानेच उत्तर देते. बोटाने दाखवणे आपल्या मुलीला आधीच उत्तम जमते आहे. तिला समजते, पण समजलेले वाक्यात मांडायची वेळ तिच्यावर फारशी आलेली नाही. म्हणून हे उत्तर मी मुख्यतः तोंडी परीक्षेपुरते ठेवते आणि बाकीच्या दोन भागांबद्दल शेवटाकडे आवश्यक तेवढेच लिहिते.

आधी घरातल्या मोठ्या माणसांसाठी एक गोष्ट स्पष्ट करते. या परीक्षेत नापास कोणी होत नाही. ऐकणे, वाचन-लेखन आणि बोलणे असे तीन भाग असतात, निकालात प्रत्येक भागासाठी १ ते ५ ढालींची चिन्हे मिळतात, म्हणजे एकूण जास्तीत जास्त १५, आणि परीक्षा दिलेल्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र मिळते. ताण येतो तो बहुधा आपल्या आवाजातून आणि ‘मागच्या वेळी हे येत होते ना?’ यांसारख्या वाक्यांतून. घरात ढालींचा हिशेब मुलीसमोर मांडू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ काम होते.

मूव्हर्सची तोंडी परीक्षा ५ ते ७ मिनिटांची असते आणि परीक्षकासमोर मूल एकटे असते. तिचे चार भाग आहेत. पहिल्यात दोन जवळपास सारख्या चित्रांतले फरक सांगायचे असतात. दुसऱ्यात चार चित्रांची गोष्ट असते. सुरुवात परीक्षक करतात आणि पुढची चित्रे मुलाने सांगायची असतात. तिसऱ्यात चार-चार चित्रांचे संच असतात, त्यांतले वेगळे कोणते आणि का, हे सांगायचे. चौथ्यात मुलाबद्दलचे साधे प्रश्न असतात. गुण देताना शब्द व व्याकरण, उच्चार आणि संवाद या तीन बाजू पाहिल्या जातात. संवादाच्या बाजूत मूल प्रतिसाद किती सहज देते आणि त्याला परीक्षकाची मदत किती लागते, हे येते. एकेका शब्दावर थांबणाऱ्या मुलापेक्षा छोटी, थोडी चुकलेली, पण आपणहून केलेली वाक्ये बोलणारे मूल पुढे जाते. तयारी याच सवयीची करायची आहे.

आपल्या मुलीसाठी मी सुरुवात पडद्याच्या खेळाने करीन. एक साधे चित्र काढावे: बाग, एक झाड, एक बाक, पतंग धरलेला मुलगा, एक कुत्रा, दोन पक्षी, बसलेली एक बाई. चित्रकला चांगली नसली तरी हरकत नाही, काड्यांची माणसे चालतात. त्याची एक प्रत करावी आणि तिच्यात चार बदल करावेत. मग टेबलावर आपल्या दोघींच्या मध्ये पडदा म्हणून एक मोठे पुस्तक उभे धरावे, म्हणजे एकीला दुसरीचे चित्र दिसणार नाही. दोघींनी मिळून चारही फरक शोधायचे. इथे बोटाने दाखवून काही उपयोग होत नाही, कारण समोरच्या व्यक्तीला बोट दिसत असले तरी चित्र दिसत नाही. बोलण्याची गरज खेळ स्वतःच निर्माण करतो. ‘पूर्ण वाक्यात सांग’ असे आपल्याला म्हणावे लागत नाही, आणि माझ्या मते या खेळाचे खरे मोल तेच आहे.

बदल कोणते करावेत, याचा एक क्रम आहे. या प्रश्नातले फरक साधारणपणे संख्या, रंग, जागा आणि क्रिया या चार प्रकारचे असतात, आणि मुलांना ते याच क्रमाने अवघड जातात. पहिल्या आठवड्यात फक्त संख्या आणि रंग बदलावेत, कारण तिथे एक शब्दही पुरतो: ‘टू बर्ड्‌स’, ‘रेड काइट’. दुसऱ्या आठवड्यात जागा बदलावी. कुत्रा एका चित्रात बाकाखाली आणि दुसऱ्यात बाकावर असला, की ‘डॉग’ एवढे म्हणून भागत नाही, ‘अंडर द बेंच’ म्हणावेच लागते. क्रियेतला फरक सर्वांत शेवटी आणावा. एका चित्रात बाई पुस्तक वाचते आहे आणि दुसऱ्यात फोनवर बोलते आहे, हे सांगायला ‘शी इज रीडिंग’ अशी रचना लागते, आणि त्यातला ‘इज’ बहुतेक मुले गाळतात. गाळू द्यावा.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते माझ्याकडच्या दहा वर्षांच्या एका मुलाच्या उदाहरणाने सांगते. तोही आपल्या मुलीसारखाच सगळे समजणारा आणि गप्प बसणारा होता. पहिल्या दिवशी तो पडद्याआडून फक्त ‘काइट!’ म्हणाला. मी म्हणाले, ‘आय हॅव अ काइट टू. व्हॉट कलर?’ तो म्हणाला, ‘रेड.’ मी म्हणाले, ‘ओह! इन माय पिक्चर द काइट इज यलो.’ फरक सापडल्याच्या आनंदात त्याने खूण केली आणि खेळ पुढे गेला. ‘इन माय पिक्चर’ हे शब्द त्याने म्हणावेत असा आग्रह मी धरला नाही, पण माझ्या प्रत्येक पाळीला मी तेच शब्द वापरत राहिले. काही खेळांनंतर माझी पाळी येण्याआधीच तो म्हणाला, ‘इन माय पिक्चर डॉग अंडर बेंच.’ मी ‘द डॉग इज अंडर द बेंच? इन माय पिक्चर द डॉग इज ऑन द बेंच!’ असे उत्तर दिले. त्याचे वाक्य दुरुस्त होऊन त्याच्या कानावर पडले, पण चूक दाखवली गेली नाही. या वयात सुधारणा करण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. मूल दुरुस्त वाक्य लगेच परत म्हणत नाही, म्हणून पालकांना ती निष्फळ वाटते. पण तेच वाक्य पुष्कळदा कानावर पडल्यावर ते हळूहळू मुलाच्या बोलण्यात येऊ लागते.

यानंतरचा टप्पा पालकांकडून बहुधा राहून जातो. परीक्षेत मध्ये पडदा नसतो. दोन्ही चित्रे मुलासमोर असतात, परीक्षकांनाही दिसतात, आणि समोरच्याला दिसते आहे म्हटल्यावर मुलाचे बोट पुन्हा पुढे येते. ‘धिस… अँड धिस’ म्हणून ते थांबते. म्हणून पडद्याचा खेळ रुळला की पडदा काढावा, चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत आणि नियम करावा की बोलणाऱ्याने दोन्ही हातांत एक चेंडू धरायचा. हात गुंतले की बोट निघत नाही आणि वाक्य पुढे येते. इथे ‘इन माय पिक्चर’ची जागा ‘हिअर… बट हिअर…’ घेते: ‘हिअर द काइट इज रेड, बट हिअर इट इज यलो.’ परीक्षक पहिला फरक साधारण अशाच शब्दांत स्वतः सांगून दाखवतात, त्यामुळे ही चाल मुलीच्या ओळखीची असली की परीक्षेतला पहिला मिनिट हलका जातो. दोन-तीन आठवड्यांनी चेंडूही काढून घ्यावा. वाक्य बोलता बोलता हाताने दाखवले तर काही बिघडत नाही. वाक्याऐवजी हात येऊ नये, इतकेच पाहायचे.

तिसरा भाग, म्हणजे वेगळे कोणते ते सांगणे, मला सर्वांत आवडतो. तिथे अडचण वेगळी असते. मासा, देवमासा, डॉल्फिन आणि घोडा यांतला घोडा वेगळा, हे मुलाला क्षणात कळते, पण ‘का?’ विचारले की ते अडते, कारण कारण सांगण्याची सवय त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेतही थोडीच असते. त्यासाठी ‘दुसरे कारण’ हा खेळ घ्यावा. घरातल्या चार वस्तू टेबलावर ठेवाव्यात: पेन्सिल, चमचा, पाण्याची बाटली, सफरचंद. प्रत्येकाने कोणती वस्तू वेगळी आणि का हे सांगायचे. आधी सांगितलेले कारण पुन्हा चालणार नाही, बाकी कोणतेही खरे कारण चालेल. सफरचंद वेगळे, ‘बिकॉज वुई ईट इट’. बाटली वेगळी, ‘बिकॉज देअर इज वॉटर इन इट’. पेन्सिल वेगळी, ‘बिकॉज वुई ड्रॉ विथ इट’. बरोबर उत्तर एकच असते ही समजूत या खेळात मोडते, आणि गप्प राहणाऱ्या मुलांच्या मनात तीच समजूत सर्वांत घट्ट बसलेली असते. परीक्षेतही मुलाने अपेक्षेपेक्षा वेगळे, पण पटणारे कारण दिले तर ते स्वीकारले जाते.

चित्रांच्या गोष्टीबद्दल पालक अनाठायी काळजी करतात. मुलाने भूतकाळात, जोडशब्द वापरून, रंगवून गोष्ट सांगावी अशी इथे अपेक्षा नाही. प्रत्येक चित्राबद्दल थोडे बोलले तरी चालते आणि ते साध्या वर्तमानकाळात असले तरी पुरते: ‘द बॉय इज सॅड. ही कान्ट सी हिज डॉग.’ सरावासाठी चार चित्रे चार जणांत वाटावीत, किंवा दोघींत दोन-दोन, आणि प्रत्येकाने आपल्या चित्राचे एकच वाक्य सांगावे. पुढच्या आठवड्यात दोन. मूल आधी आपल्या भाषेत सुंदर, गुंतागुंतीची गोष्ट मनात रचते आणि तिचे भाषांतर करता करता अडकते, असे दिसले तर त्याला विचारावे, ‘हू इज इट? व्हेअर इज ही? इज ही हॅपी?’ या तीन प्रश्नांची उत्तरे जोडली की चित्राचे बोलणे होते. परीक्षकांकडेही मूल अडले तर विचारायचे असेच मदतीचे प्रश्न तयार असतात.

वेळापत्रकाबद्दल माझे मत ठाम आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस, पंधरा मिनिटे, आणि मुलगी ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच थांबावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तोच खेळ पुन्हा पुन्हा हवा असतो, म्हणून रोज नवा खेळ शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र हेच खेळ बालिश वाटतात. त्यांना खेळाडूऐवजी खेळ बनवणारे करावे: चित्रांतले फरक त्यांनी काढावेत, वस्तूंचे संच त्यांनी मांडावेत, आणि उत्तर मोठ्यांनी द्यावे. चित्र बनवणाऱ्या मुलाला इंग्रजीत आपले उत्तर तपासावे लागते, त्यामुळे ते बोलतेही अधिक.

खेळातूनही ताण येऊ शकतो, हे मात्र विसरू नये. घड्याळ लावणे, गुण मांडणे, भावंडांत स्पर्धा लावणे, जिंकल्यास बक्षीस देणे, या सगळ्यांनी बोलकी मुले आणखी बोलतात आणि गप्प मुले आणखी गप्प होतात. म्हणून वरचे खेळ मी मुद्दाम ‘दोघींनी मिळून शोधायचे’ असे सांगितले. खेळ चालू असताना व्याकरण समजावणे आणि ‘बघ, आता परीक्षेतही असेच सांग’ असे म्हणणे, याने खेळाचा लगेच अभ्यास होतो. मूल ते पहिल्याच वेळी ओळखते आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा आल्याचे सांगते. तो कंटाळा खेळाचा नसतो, हे आपण ओळखावे.

चार आठवड्यांनी एकदा शांतपणे पडताळणी करावी. मुलीने कधी न पाहिलेले, भरपूर तपशील असलेले एक चित्र समोर ठेवावे आणि नुसते म्हणावे, ‘टेल मी.’ मिनिटभरात तिने आपणहून चार-पाच छोटी वाक्ये केली, ती मोडकी का असेनात, तर वाट योग्य आहे. ती अजून सुटे शब्दच बोलत असेल आणि मधूनमधून साध्या वस्तूंची नावेही विचारत असेल, तर प्रश्न लाजरेपणाचा नाही, पातळीचा आहे. अशा वेळी या परीक्षेच्या आधीची ‘स्टार्टर्स’ ही पातळी द्यावी किंवा मूव्हर्स काही महिने पुढे ढकलावी. ज्या पातळीवर मूल सुखाने बोलते, तिथे पाच ढाली मिळवणे हे वरच्या पातळीवर दोन ढालींसाठी धडपडण्यापेक्षा पुढच्या शिकण्याला अधिक पोषक ठरते.

खेळांची मर्यादाही सांगायला हवी. वाचन-लेखनाचा भाग ३० मिनिटांचा, ३५ प्रश्नांचा असतो आणि तिथे शब्द अचूक लिहावा लागतो. व्याख्या वाचून तिच्याशी जुळणारा शब्द लिहिताना मुले समोर छापलेला शब्दही चुकीचा उतरवतात, आणि एक ते तीन शब्दांत पूर्ण करायच्या वाक्यात चार-पाच शब्द लिहून बसतात. हे कागदावरच सुधारते. त्यासाठी केंब्रिजच्या संकेतस्थळावरच्या मोफत नमुना प्रश्नपत्रिका पुरेशा आहेत. मात्र पूर्ण प्रश्नपत्रिका एकदम देऊ नये. एका बैठकीत एकच भाग, दोघींनी मिळून, वेळ न लावता सोडवावा आणि शेवटच्या तीन आठवड्यांत एकदाच संपूर्ण प्रश्नपत्रिका द्यावी.

ऐकण्याच्या भागात दोन बारकावे आहेत आणि ते खेळातून सहज पक्के होतात. पहिल्या प्रश्नात चित्रातल्या माणसांना नावे रेषेने जोडायची असतात आणि ‘क्लेअर’, ‘डेझी’, ‘फ्रेड’, ‘व्हिकी’, ‘झोई’ अशी नावे मुलांच्या कानाला अनोळखी असतात; नाव मुलाचे की मुलीचे हेच कळले नाही, तर संपूर्ण वर्णन समजूनही रेष चुकते. पडद्याच्या खेळातल्या माणसांना पहिल्या दिवसापासून हीच नावे द्यावीत. शेवटच्या प्रश्नात ऐकून रंग भरायचा असतो आणि एक शब्द लिहायचा असतो. चित्र नीटनेटके रंगवण्याची सवय असलेली मुले पहिल्याच वस्तूच्या कडा सांभाळत बसतात आणि पुढची सूचना निसटते. रंगाच्या चार-पाच रेघा पुरतात, हे तिला आधी सांगावे आणि ‘मी बोलते, तू रंगव’ असे दोन मिनिटे झटपट खेळून तिच्या हाताला ती सवय लावावी. प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवली जाते, हेही तिला ठाऊक असावे. पहिल्या वेळी निसटले म्हणून रडवेली होणारी मुले मी पाहिली आहेत.

शेवटच्या दोन आठवड्यांत एकच नवी गोष्ट आणावी: अनोळखी माणूस. आजवर ती आपल्याशी बोलत आली आहे, परीक्षेत समोर परकी व्यक्ती असेल. मुलांना खोलीत नेणारी एक व्यक्ती असते. ती मुलांच्या भाषेत पुढे काय होणार ते समजावते आणि परीक्षकांशी ओळख करून देते. तसेच घरी घडवून आणावे. घरातल्या एकाने मुलीला दुसऱ्या खोलीत न्यावे आणि तिथे तिच्या फारशा परिचयाच्या नसलेल्या मोठ्या व्यक्तीने ‘हॅलो, माय नेम इज…’ म्हणून चित्र पुढे ठेवावे. त्या व्यक्तीने एक प्रश्न मुद्दाम पुटपुटत विचारावा, म्हणजे ‘सॉरी, कॅन यू से इट अगेन?’ हे वाक्य मुलीला खरेच वापरावे लागेल. हे वाक्य येणारे मूल प्रश्न न समजल्यावर गप्प बसत नाही. आपल्या मुलीला मी ते पहिल्याच आठवड्यात शिकवीन आणि पडद्याच्या खेळात आपण रोज एकदा तरी ते तिला विचारावे, म्हणजे समजले नाही असे सांगणे मोठी माणसेही करतात, हे तिला दिसेल.